वर्षाचे पैसे आधीच आले, मग उत्पन्न कधी धरायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे हिशोब बघताना हे प्रश्न मला सारखे येतात, विशेषतः मार्च जवळ आला की. सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतलीयेत. कोथरूडची एक छोटी कंपनी धरा, हाउसिंग सोसायट्यांना मेंटेनन्सची बिलं, पावत्या, हिशोब यासाठी ऑनलाइन सॉफ्टवेअर देते. वर्षाचा प्लॅन ३६,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, आणि सोसायटी पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच भरते. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत.

पैसे बँकेत आले, बिल दिलं, मग ते उत्पन्न का नाही?

कारण अजून तुम्ही काम केलेलं नाही. सोसायटीने १ नोव्हेंबर २०२५ ते ३१ ऑक्टोबर २०२६ साठी पैसे दिले, म्हणजे बारा महिने सॉफ्टवेअर चालू ठेवायचं, फोन उचलायचा, सर्व्हरचं भाडं भरायचं हे सगळं तुमच्या डोक्यावर आहे. ज्या दिवशी पैसे आले त्या दिवशी तुम्ही सोसायटीचे देणेकरी झालात, फक्त हे देणं पैशात फेडायचं नसून सेवेत फेडायचंय. दर महिना संपला की देण्याचा बारावा हिस्सा फिटतो आणि तेवढंच उत्पन्न होतं. सदाशिव पेठेतल्या मेसवाल्या काकूंनी महिन्याचे पैसे एक तारखेला घेतले तरी साठ जेवणं अजून वाढायची बाकी असतात, तसंच.

म्हणून हे ३६,००० आधी ताळेबंदात देणं म्हणून बसतात. रोजच्या बोलण्यात आपण त्याला डेफर्ड रेव्हेन्यू म्हणतो, कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनच्या फॉरमॅटमध्ये 'इन्कम रिसीव्हड इन ॲडव्हान्स' असं नाव आहे, इतर चालू देण्यांमध्ये. इंड एएस ही अकाउंटिंग स्टँडर्ड लागू असलेल्या मोठ्या कंपन्यांना त्यातलं इंड एएस ११५ लागतं, तिथे याला काँट्रॅक्ट लायबिलिटी म्हणतात. आपल्यासारख्या छोट्या कंपन्यांना एएस ९. नावं वेगळी असली तरी इथे उत्तर एकच येतं.

एंट्री नक्की कशी टाकायची?

समजा पैसे २८ ऑक्टोबर २०२५ ला आले आणि त्याच दिवशी टॅक्स इन्व्हॉइस दिलं. एकूण रक्कम ४२,४८०, त्यातले ३६,००० प्लॅनचे, ३,२४० सीजीएसटी, ३,२४० एसजीएसटी.

पुस्तकी पद्धतीत बँक ४२,४८० ने डेबिट होते, दोन्ही जीएसटी लेजर क्रेडिट होतात आणि उरलेले ३६,००० विक्रीला न टाकता डेफर्ड रेव्हेन्यूला क्रेडिट करायचे. ऑक्टोबरचं उत्पन्न शून्य. नोव्हेंबर संपला की जर्नल व्हाउचर, टॅलीत F7, डेफर्ड रेव्हेन्यू डेबिट ३,०००, सबस्क्रिप्शन उत्पन्न क्रेडिट ३,०००. असं बारा वेळा. ३१ मार्च २०२६ ला पाच महिने झालेले असतात, म्हणजे १५,००० नफा-तोटा पत्रकात गेलेत आणि २१,००० ताळेबंदात देणं म्हणून उरलेत.

आता प्रत्यक्षातली अडचण. विक्रीचं व्हाउचर F8 ने टाकताना थेट देण्याच्या लेजरला क्रेडिट केलं की त्या लेजरला जीएसटीच्या सेटिंग नीट द्याव्या लागतात, नाहीतर बिल जीएसटीआर-१ मध्ये बरोबर येत नाही, आणि अकाउंटंट बदलला की नवा माणूस सवयीने सेल्स लेजरच टाकतो. त्यामुळे मी पुढची पद्धत सुचवते आणि माझ्या बघण्यात तीच टिकते.

बिल नेहमीसारखं F8 ने सेल्स लेजरलाच टाका, जीएसटीचं सगळं आपोआप बरोबर जाईल. मग सेल्स अकाउंट्स या ग्रुपखाली एक वेगळं लेजर उघडा, नाव 'डेफर्ड रेव्हेन्यू ॲडजस्टमेंट'. महिनाअखेरीला सगळ्या ग्राहकांची मिळून न कमावलेली रक्कम किती हे शीटमधून काढा, मागच्या महिनाअखेरीशी तुलना करा, आणि फक्त फरकाची एकच जर्नल एंट्री टाका. शिल्लक वाढली असेल तर ॲडजस्टमेंट डेबिट, डेफर्ड रेव्हेन्यू क्रेडिट. कमी झाली असेल तर उलटी. फायदा असा की सेल्स लेजरचा आकडा जीएसटी रिटर्नमधल्या विक्रीशी तंतोतंत जुळतो आणि खऱ्या उत्पन्नाकडे नेणारा फरक एका लेजरमध्ये उघडा दिसतो, शोधत बसावं लागत नाही.

जीएसटी पण महिन्या-महिन्याला भरायचा का मग?

नाही. जीएसटीचा आणि उत्पन्न ओळखण्याचा काहीही संबंध नाही. सेवेसाठी कर कधी लागतो ते सीजीएसटी कायद्याच्या कलम १३ वरून ठरतं, इन्व्हॉइस वेळेत दिलं असेल तर इन्व्हॉइसची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, जी आधी ती. आपल्या उदाहरणात दोन्ही २८ ऑक्टोबर, म्हणून पूर्ण ६,४८० ऑक्टोबरच्या रिटर्नमध्ये. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला जीएसटीआर-३बी २० नोव्हेंबरपर्यंत, त्याच्यासोबत हे पैसे गेले.

इथे एक चूक फार दिसते, पूर्ण ४२,४८० डेफर्डमध्ये टाकून बारा भाग करायचे. जीएसटी तुमचा कधीच नव्हता, तो सरकारचा, तो आल्या दिवशीच वेगळा काढायचा. तुमच्या महिन्याच्या उत्पन्नाचा आकडा ३,००० ऐवजी ३,५४० दिसत असेल तर हेच झालंय.

आणि हो, त्यामुळे जीएसटी रिटर्नमधली विक्री आणि नफा-तोटा पत्रकातलं उत्पन्न वर्षाअखेरीला जुळणार नाही. जुळायला नकोच. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना जीएसटीआर-९सी मध्ये हा फरक समजावून सांगावा लागतो, आणि तेव्हा ते ॲडजस्टमेंट लेजर फार कामाला येतं कारण उत्तर तिथे तयार असतं.

सोसायटी १६ तारखेला सुरू झाली तर? अर्धा महिना धरू का दिवस मोजू?

दोन्ही चालतं, पण एक काहीतरी ठरवा आणि सगळ्या ग्राहकांना तेच लावा. समजा २४,००० चा छोटा प्लॅन १६ जानेवारी २०२६ ला सुरू झाला. अर्धा महिना धरला तर ३१ मार्चपर्यंत अडीच महिने, म्हणजे ५,०००. दिवस मोजले तर जानेवारीचे १६, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, एकूण ७५ दिवस, आणि ३६५ पैकी ७५ म्हणजे ४,९३१ रुपये ५१ पैसे. फरक सत्तर रुपयांचाही नाही.

माझं मत असं की सगळे प्लॅन एक तारखेलाच सुरू होत असतील तर महिने धरा, सोपं पडतं. तारखा वाट्टेल तशा असतील तर दिवस धरा, कारण मग 'पंधरा तारखेच्या आधी सुरू झालं तर पूर्ण महिना' असले नियम कोणालाही लक्षात ठेवावे लागत नाहीत. फक्त दिवस धरलेत तर आपल्या ३६,००० वाल्या सोसायटीचंही उत्पन्न मार्चअखेर बरोबर १५,००० येणार नाही, १५१ दिवसांचे १४,८९३ रुपये १५ पैसे येईल. फेब्रुवारी लहान, जानेवारी मोठा, म्हणून. त्यात काही बिघडलेलं नाही.

एक्सेलमध्ये शीट कशी बनवायची?

एका ग्राहकाच्या एका बिलाला एक ओळ. A मध्ये बिल नंबर, B मध्ये सोसायटीचं नाव, C मध्ये जीएसटी सोडून रक्कम, D मध्ये सेवा सुरू झाल्याची तारीख, E मध्ये संपण्याची तारीख. H1 मध्ये महिनाअखेरीची तारीख टाकायची. मग F मध्ये दिवसांच्या हिशोबाने आतापर्यंत एकूण कमावलेली रक्कम:

```
=ROUND(C2*MAX(0,MIN(E2,$H$1)-D2+1)/(E2-D2+1),2)
```

आणि G मध्ये अजून न कमावलेली रक्कम, म्हणजे C2-F2. G ची बेरीज हीच तुमची डेफर्ड रेव्हेन्यूची शिल्लक असायला हवी.

इथे मुद्दाम 'या महिन्याचं उत्पन्न' न काढता 'आतापर्यंतचं एकूण' काढलंय. दर महिन्याचा आकडा वेगळा राउंड करत गेलं की वर्ष संपल्यावर काही पैसे कुठेतरी लटकत राहतात आणि मग ते दोन-तीन रुपये दहा वर्षं लेजरमध्ये पडून असतात. एकूण काढून मागच्या महिन्याचं एकूण वजा केलं की शेवटच्या दिवशी आकडा आपोआप पूर्ण ३६,००० होतो. प्लॅन अजून सुरूच झाला नसेल तर MAX मुळे शून्य येतं, संपून गेला असेल तर MIN मुळे पूर्ण रकमेवर थांबतं, म्हणून जुन्या ओळी काढायचीही घाई नको.

D मध्ये बिलाची तारीख टाकू नका. २८ ऑक्टोबर टाकलं तर चार दिवस सेवा न देताच उत्पन्न सुरू होतं. आणि ज्या सोसायटीचं लॉगिनच दहा दिवस उशिरा मिळालं आणि तुम्ही मुदत तेवढी पुढे वाढवून दिलीत, तिथे दोन्ही तारखा बदलायच्या.

मार्चमध्ये ऑफर दिली, वीस सोसायट्यांनी एप्रिलपासूनचं रिन्यूअल केलं. नफा किती छान दिसतोय!

दिसतोय खरा, पण तो या वर्षाचा नाही. वीस गुणिले ३६,००० म्हणजे ७,२०,००० रुपये बँकेत आले, सेवा १ एप्रिल २०२६ पासून, म्हणजे ३१ मार्चला त्यातला एक रुपयाही कमावलेला नाही. हे पूर्ण ७,२०,००० डेफर्डमध्ये. ते मार्चच्या विक्रीत धरले तर २०२५-२६ फुगतं आणि पुढच्या वर्षी पगार, सर्व्हर, सपोर्ट सगळा खर्च होतो पण समोर उत्पन्न काहीच नसतं, मग मालकाला वाटतं धंदा अचानक बसला. धंदा तेवढाच असतो, उत्पन्न चुकीच्या वर्षात टाकलेलं असतं.

आता समजा वीसच्या वीस जणांचे पैसे आले नसते, आठ जणांना बिल गेलं पण पैसे आलेले नाहीत, हा याचा अवघड भाग. सेवा सुरू नाही, पैसे नाहीत, पण सेल्स व्हाउचर पडलं की एका बाजूला थकबाकी ३,३९,८४० दिसते आणि दुसऱ्या बाजूला डेफर्ड २,८८,०००. म्हणजे कोणाकडून काही मिळालं नाही आणि कोणाला काही दिलं नाही तरी ताळेबंदाच्या दोन्ही बाजू फुगल्या. ताळेबंद दाखवताना हे २,८८,००० दोन्हीकडून कमी करायचे, येण्यातून पण आणि डेफर्डमधून पण. उरतो तो ५१,८४० चा जीएसटी, तो मात्र खरा आहे कारण बिल काढल्यामुळे तो तुम्हाला खिशातून भरावाच लागणार.

यावर सोपा उपाय म्हणजे रिन्यूअलची आठवण म्हणून आधी प्रोफॉर्मा पाठवायचा आणि पैसे आल्यावर टॅक्स इन्व्हॉइस काढायचं. कमिटीची मीटिंग झाली नाही, चेअरमन गावाला गेलेत, अशा कारणांनी सोसायटीचं पेमेंट महिना-महिना लांबतं, तोवर तुमचा जीएसटी अडकत नाही आणि शीटमध्ये खोट्या ओळीही येत नाहीत.

'बाराच्या पैशात चौदा महिने' अशी स्कीम दिली असेल तर?

३६,००० भागिले चौदा. महिन्याला २,५७१ रुपये ४३ पैसे. बरेच जण पहिले बारा महिने ३,००० टाकतात आणि शेवटचे दोन महिने फुकट म्हणून शून्य, ते चूक आहे, कारण त्या दोन महिन्यांतही सेवा द्यायचीच आहे आणि ग्राहकाने पैसे देताना चौदा महिन्यांचा विचार करूनच दिलेत. शीटमध्ये E ची तारीख दोन महिने पुढे टाकली की बाकी आपोआप होतं.

तीन वर्षांचे एकदम घेतले तर सगळं चालू देण्यात का?

नाही. समजा १ एप्रिल २०२६ पासून तीन वर्षांचे ९०,००० मार्चमध्येच आले. ३१ मार्चच्या ताळेबंदात पुढच्या बारा महिन्यांत सेवेत फिटणारे ३०,००० चालू देण्यात आणि उरलेले ६०,००० दीर्घ मुदतीच्या देण्यात. दर मार्चला ही विभागणी पुन्हा करायची. लोक पहिल्या वर्षी करतात आणि दुसऱ्या वर्षी विसरतात.

सुरुवातीला १०,००० सेटअप फी घेतो, सभासदांची माहिती भरणं, ट्रेनिंग वगैरे. ती तरी लगेच धरू?

हे कामाच्या स्वरूपावर आहे. तुमचं सॉफ्टवेअर घेतलं नाही तर त्या सेटअपचा सोसायटीला काही उपयोग नाही, असं असेल तर ती फी मूळ सेवेचाच भाग, तीही सबस्क्रिप्शनच्या काळात पसरवायची, इंड एएस ११५ चा विचार तर सरळ हाच आहे. पण जुन्या वह्यांवरून पाच वर्षांचा हिशोब टाइप करून एक्सेलमध्ये दिला, जो ते कुठेही वापरू शकतात, तर ते वेगळं काम, पूर्ण झालं की उत्पन्न. मनाला एकच प्रश्न विचारा, उद्या सोसायटीने दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तर या कामातलं त्यांच्या हातात काय राहतं?

दर महिन्याला सारखंच उत्पन्न धरायचं, हा नियम सगळीकडे लागतो का?

नाही, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. सॉफ्टवेअर रोज सारखंच उपलब्ध असतं म्हणून सारखे भाग. पण एखाद्या मराठी मासिकाची वार्षिक वर्गणी घ्या. अकरा साधे अंक, सुटी किंमत ५० रुपये, आणि दिवाळी अंक ३५० रुपये. सुटे घेतले तर ९०० होतात, वर्गणी ७२०. इथे बारा भाग करून दर महिन्याला ६० धरले तर दिवाळी अंकाचा एवढा मोठा कागद, छपाई, लेखकांचं मानधन, टपाल सगळं एका महिन्यात खर्चाला पडतं आणि उत्पन्न फक्त ६०, त्या महिन्यात प्रचंड तोटा.

एएस ९ मध्ये नियतकालिकांच्या वर्गणीबद्दल हेच सांगितलंय, अंकांची किंमत वेगवेगळी असेल तर प्रत्येक अंकाच्या विक्री किंमतीच्या प्रमाणात उत्पन्न धरायचं. वर्गणी सुट्या किंमतीच्या ८० टक्के आहे, म्हणून साधा अंक गेला की ४० रुपये आणि दिवाळी अंक गेला की २८०. अकरा चाळीस ४४०, अधिक २८०, बरोबर ७२०. आणि अंक टपालात पडला तेव्हा धरायचं, छापून गोडाऊनमध्ये आला तेव्हा नाही.

हाच विचार वर्षातून चार ठरावीक व्हिजिट असलेल्या एएमसीला लावता येतो. फक्त व्हिजिटच विकल्या असतील तर व्हिजिटप्रमाणे, आणि 'कधीही फोन करा, माणूस येईल' असं असेल तर दिवसांप्रमाणे.

सोसायटीने मध्येच बंद केलं. आता?

आपलीच सोसायटी, १ नोव्हेंबरला सुरू, ३१ मार्चला बंद. महिन्यांच्या हिशोबाने २१,००० डेफर्डमध्ये आहेत. पूर्ण परत करायचं ठरलं तर क्रेडिट नोट काढा. डेफर्ड डेबिट २१,०००, आउटपुट जीएसटी डेबिट ३,७८०, सोसायटीला क्रेडिट २४,७८०, आणि मग बँकेतून पैसे. (सेल्स आणि ॲडजस्टमेंट वाली पद्धत असेल तर क्रेडिट नोट सेल्सला जाते आणि शीटमधली ओळ बंद केली की महिनाअखेरीची एंट्री उरलेलं काम करते.) आधी कमावलेले १५,००० अजिबात हलत नाहीत, ते काम झालेलंच आहे.

करारात परतावा नाही असं लिहिलंय आणि सोसायटीने मान्यही केलंय, तर सेवा द्यायची जबाबदारी संपली त्या दिवशी २१,००० एकदम उत्पन्नात. महिन्या-महिन्याला टाकत बसू नका, कारण ज्या महिन्यांसाठी टाकताय तेव्हा तुम्ही काही देतच नाही आहात. मधलं काही ठरलं, समजा १५,००० परत, तर ६,००० उत्पन्नात आणि १५,००० ची क्रेडिट नोट.

क्रेडिट नोटवर जीएसटी कमी करून घ्यायला मुदत आहे, मूळ बिल ज्या आर्थिक वर्षातलं ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न आधी भरलं असेल तर तोपर्यंतच. दोन-तीन वर्षांचे प्लॅन विकणाऱ्यांना हे महागात पडतं, कारण तिसऱ्या वर्षी पैसे परत केले तर जीएसटीचा भाग परत मिळवायची वेळ निघून गेलेली असते. करार लिहितानाच याचा विचार करा.

इन्कम टॅक्सला हे चालतं का? ते म्हणतील पैसे आले की टॅक्स द्या.

मर्कंटाइल पद्धतीने हिशोब ठेवत असाल तर चालतं. टॅक्ससाठीचे जे वेगळे स्टँडर्ड आहेत, आयसीडीएस, त्यातल्या चौथ्यात सेवेचं उत्पन्न कामाच्या प्रमाणात धरायला सांगितलंय, आणि ठरावीक काळात अनेक छोट्या छोट्या कृतींनी सेवा दिली जात असेल तर सरळ रेषेत, समान. आपलं सॉफ्टवेअर त्यातच बसतं. रोख पद्धतीने हिशोब ठेवणारा माणूस मात्र आले त्या वर्षी पूर्ण धरतो, त्याला डेफर्ड हा प्रकारच नाही. एलएलपीला कायद्याने दोन्ही पद्धतींची मुभा आहे, कंपनीला नाही, तिला मर्कंटाइलच.

खरा गोंधळ टीडीएसचा. समजा बाणेरच्या एका बिल्डरने त्यांच्या सगळ्या प्रोजेक्टसाठी १,२०,००० चा वार्षिक प्लॅन १ नोव्हेंबरपासून घेतला आणि पैसे देताना १२,००० टीडीएस कापला. त्यांच्या रिटर्नप्रमाणे तुमच्या २६एएस मध्ये पूर्ण १,२०,००० दिसणार. तुम्ही या वर्षी पाच महिन्यांचे ५०,००० उत्पन्न दाखवणार. मग क्रेडिटही त्याच प्रमाणात, या वर्षी ५,००० घ्यायचं आणि ७,००० पुढच्या वर्षी न्यायचं, आयटी रिटर्नमध्ये टीडीएस पुढे नेण्यासाठी रकाना असतो. पूर्ण १२,००० याच वर्षी घेऊन उत्पन्न ५०,००० दाखवलं की नोटीस येते आणि ती बरोबरच असते.

बँकेचे साहेब म्हणतात तुमची चालू देणी फार वाढलीत, कर्ज कसं देणार?

त्यांना डेफर्डची शीट दाखवा. हे देणं पैशाने फेडायचं नाही, सेवेने फेडायचंय, आणि त्या सेवेचा पुढच्या वर्षाचा खरा खर्च डेफर्डच्या रकमेपेक्षा बराच कमी असतो. पण परताव्याची अट सैल असेल तर साहेबांचा मुद्दा बरोबर आहे, कारण मग हे पैसे परत जाऊ शकतात. आणि मालकांनीही हे पैसे ऑफिसच्या डिपॉझिटमध्ये किंवा गाडीच्या डाउन पेमेंटमध्ये घालण्याआधी पुढच्या बारा महिन्यांचा पगार आणि सर्व्हरचा खर्च बाजूला काढून बघावा.

आत्तापर्यंत आम्ही सगळं पैसे आले की विक्रीत धरत होतो. आता बदलायचं तर कसं?

आधी वर्षाच्या सुरुवातीची शीट बनवा, H1 मध्ये आदल्या ३१ मार्चची तारीख टाकून. समजा १ एप्रिल २०२५ ला, आधीच्या वर्षात बिल झालेल्या पण सेवा बाकी असलेल्या सगळ्या प्लॅनची न कमावलेली रक्कम ४,१०,००० निघाली. हे आधीच्या वर्षी चुकून उत्पन्नात गेलं होतं, म्हणून छोट्या कंपनीत एएस ५ प्रमाणे ते 'प्रायर पीरियड आयटम' म्हणून नफा-तोटा पत्रकात वेगळं दाखवायचं, तिथे डेबिट आणि डेफर्डला क्रेडिट. मग वर्षभर तेच ४,१०,००० हळूहळू उत्पन्नात येतात. इंड एएसवाल्यांना मागच्या वर्षाचे आकडेच बदलून दाखवावे लागतात.

यावर टॅक्स मागच्या वर्षी भरून झालाय. म्हणून टॅक्सचं कॉम्प्युटेशन करताना हेच पैसे दुसऱ्यांदा करात येत नाहीत ना हे सीएंसोबत बसून ओळीने बघा, आणि मागच्या वर्षीचं रिटर्न व ही शीट एकाच फाइलला लावून ठेवा.

आमचं बरोबर चाललंय का हे घरच्या घरी कसं तपासायचं?

महिनाअखेरीला एक बेरीज करा. डेफर्डची सुरुवातीची शिल्लक, अधिक या महिन्यातली नवी वार्षिक बिलं जीएसटी सोडून, वजा या महिन्यात कमावलेलं, वजा डेफर्डमधून परत केलेलं. उत्तर लेजरच्या शिलकीशी आणि शीटच्या G च्या बेरजेशी, दोन्हीशी जुळलं पाहिजे. लेजरशी जुळतं पण शीटशी नाही, तर बहुतेक एखादं बिल शीटमध्ये चढवलेलंच नाही. शीटशी जुळतं पण लेजरशी नाही, तर कोणीतरी जर्नल दोनदा टाकलंय किंवा जीएसटीसकट टाकलंय.

मग शीट E च्या तारखेने लावा. मुदत संपलेल्या ओळीत G मध्ये काही उरलं असेल तर तारीख चुकलीय किंवा सूत्र कोणीतरी हाताने आकडा टाकून पुसलंय, हे दुसरं फार होतं. कुठे G मध्ये वजा आकडा आला तर बहुतेक क्रेडिट नोट C मधून दोनदा कमी झालीय. आणि डेफर्डची शिल्लक सलग दोन महिने पैशापर्यंत तीच दिसली, तर त्या महिन्याची एंट्री पडलेलीच नाही, कारण ग्राहक येत-जात असताना हा आकडा जागचा न हलणं जवळपास अशक्य असतं.